नोकरीतला गॅप आणि क्षेत्रबदल: इंटरव्ह्यूत स्वतःची ओळख करून देताना कसं सांगायचं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही उत्तरं बडोद्यात आणि आसपासच्या कारखान्यांत, ऑफिसांत नोकरी शोधणाऱ्या मराठी उमेदवारांसाठी आहेत. इंटरव्ह्यूच्या सुरुवातीला 'अपने बारे में बताइए' किंवा 'तमारा विशे कहो' असं म्हटलं, की साधारण सव्वा मिनिट तुम्हाला कुणी अडवत नाही. त्यातली गॅपला द्यायची दहा-बारा सेकंदं आणि क्षेत्रबदलाला द्यायची वीस-पंचवीस सेकंदं, एवढ्याचाच इथे विचार केला आहे.

शेवटपर्यंत एकच उदाहरण घेतलं आहे. एक उमेदवार आहे, रसायनशास्त्रात एमएस्सी. औषधं बनवणाऱ्या कंपनीच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या लॅबमध्ये तिने पाच वर्षं चार महिने काम केलं. सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडली. आता तिला लॅबमध्ये परत जायचं नाही, रेग्युलेटरी विभागात, म्हणजे औषधाच्या मंजुरीसाठी लागणारी कागदपत्रं तयार करण्याच्या कामात शिरायचं आहे. गॅपही आहे आणि क्षेत्रबदलही.

विचारलं नाही तर गॅप आपणहून सांगायचा का?

सहा महिन्यांहून मोठा असेल तर सांगायचा. समोरच्याच्या हातात तुमचा रेझ्युमे असतो आणि तुम्ही बोलत असताना त्याचं बोट तारखांवरून फिरत असतं. 2021 नंतर एकदम 2024 दिसलं की त्याच्या मनात प्रश्न उभा राहतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तुम्ही लॅबमधल्या एचपीएलसी यंत्राबद्दल कितीही चांगलं बोललात तरी ते अर्धवटच ऐकलं जातं. शिवाय तुम्ही न सांगता त्याने विचारलं, तर प्रश्न त्याच्या शब्दांत येतो: 'ये बीच में क्या हुआ?' अशा प्रश्नाला शांत आवाजात उत्तर देणं सरावलेल्या माणसालाही जड जातं.

दोन-तीन महिन्यांच्या गॅपचा उल्लेखच नको. नोटीस पिरियड, नवी नोकरी शोधणं, घरातलं लग्न यात तेवढे महिने सगळ्यांचेच जातात. तीन ते सहा महिन्यांच्या मधलं असेल तर ओळखीत सांगू नका, पण विचारलं तर एका वाक्यात देता येईल असं उत्तर तयार ठेवा.

ओळखीत तो नेमका कुठे यायला हवा?

मधोमध. आधी तुम्ही कामाने कोण आहात हे एका वाक्यात, मग केलेलं काम, मग गॅप, मग त्यानंतर जे शिकलात किंवा केलंत ते, आणि शेवटी या जागेशी त्याचा संबंध.

आपल्याकडे बहुतेक जण ओळख स्थळाच्या बायोडाटासारखी सुरू करतात: नाव, राहायला दांडिया बाजार, वडील बँकेत होते, घरी चौघं. एकदा घरापासून सुरुवात झाली की गॅपचं कारणही घरातलंच म्हणून ओघात येतं, आणि पहिलं अर्धं मिनिट कामाचा शब्दही न निघता संपतं. नाव सांगून थेट कामावर या. पत्ता रेझ्युमेवर आहेच.

गॅप शेवटी ठेवू नका, त्यालाही कारण आहे. बरेचसे इंटरव्ह्यू घेणारे पुढचा प्रश्न तुमच्या शेवटच्या वाक्यातून उचलतात. 'आणि मध्ये तीन वर्षं गॅप आहे' इथे थांबलात तर पुढची पाच मिनिटं घरावरच जातील. स्टॅबिलिटी डेटावर, म्हणजे औषध किती काळ टिकतं याच्या आकड्यांवर थांबलात तर प्रश्न स्टॅबिलिटी डेटावर येईल, आणि तिथे तुम्हाला बोलता येतं.

किती बोलायचं?

गॅपसाठी दोन वाक्यं. पहिल्या वाक्यात कधीपासून कधीपर्यंत आणि कशासाठी. दुसऱ्या वाक्यात ते कारण आज कोणत्या अवस्थेत आहे. दुसरं वाक्य बहुतेक जण गाळतात आणि त्याची भर म्हणून पहिलं लांबवत बसतात. समोरच्याला कारणाच्या खोलात शिरायचं नसतं. तुम्ही चार महिन्यांत पुन्हा सोडून जाल का, एवढंच त्याला कळायला हवं असतं, आणि त्याचं उत्तर दुसऱ्या वाक्यात असतं.

आपल्या उमेदवाराने घरी जशी ओळख लिहिली होती ती आधी वाचा:

> 'नमस्कार, मी इथलीच, रावपुऱ्यात राहते. माझं एमएस्सी झालंय. आधी मी एका फार्मा कंपनीत क्यूसीला होते, पण सासूबाईंना अचानक अर्धांगवायूचा झटका आला, आणि मिस्टरांची नोकरी हालोलला, शिफ्टची, त्यामुळे मला नोकरी सोडावी लागली. तशी मी सोडणार नव्हते, बाई ठेवून पाहिली, पण ती टिकली नाही. मग तीन वर्षं मी घरीच होते. आता त्या बऱ्या आहेत, म्हणजे काठी घेऊन चालतात, आणि नणंदपण जवळच राहायला आलीये. मध्ये एक छोटासा कोर्स केला रेग्युलेटरीचा. गॅप मोठा आहे, पण मी शिकायला तयार आहे.'

यात एकही गोष्ट खोटी नाही. पण पाच वर्षांच्या कामाला 'क्यूसीला होते' हे दोन शब्द मिळाले आणि टिकली नाही त्या बाईला एक पूर्ण वाक्य मिळालं. नवऱ्याची शिफ्ट, बाई, नणंद हे सगळं 'नोकरी सोडण्यावाचून इलाज नव्हता' हे पटवण्यासाठी आलं आहे, आणि ते पटवायला कुणी सांगितलेलं नव्हतं. जितके तपशील द्याल तितके उलटे प्रश्न येतात. नणंद पुन्हा दुसरीकडे राहायला गेली तर काय, हा प्रश्न त्या वाक्याआधी कुणाच्या मनातही नव्हता. सहा महिन्यांच्या कोर्सला 'छोटासा' म्हणून तिने तोही हातचा घालवला.

आता तीच माहिती पुन्हा मांडलेली:

> 'मी क्वालिटी कंट्रोल केमिस्ट आहे आणि आता रेग्युलेटरी डॉक्युमेंटेशनकडे वळले आहे. एम. एस. युनिव्हर्सिटीतून एमएस्सी केल्यावर जून 2016 ते सप्टेंबर 2021 मी टॅब्लेट बनवणाऱ्या युनिटच्या क्यूसी लॅबमध्ये होते. एचपीएलसीवरचं टेस्टिंग आणि डिसोल्यूशन हे रोजचं काम, आणि शेवटची दोन वर्षं स्टॅबिलिटीचे नमुने माझ्याकडे होते. ऑक्टोबर 2021 ते ऑगस्ट 2024 मी घरातल्या आजारी व्यक्तीची देखभाल केली. आता घरी त्याची कायमची व्यवस्था लागली आहे. सप्टेंबर 2024 पासून सहा महिने रेग्युलेटरी अफेअर्सचा कोर्स केला. लॅबमध्ये मी जो स्टॅबिलिटी डेटा काढत होते तोच डोसियरच्या मॉड्यूल 3 मध्ये जातो, आणि कोर्समध्ये त्यातले 3.2.P.5 आणि 3.2.P.8 हे भाग मी एका नमुना उत्पादनासाठी लिहिले. तुमच्या जाहिरातीत लॅबकडून येणारा डेटा तपासण्याचं काम आहे. तो डेटा तयार करण्याचं काम मी पाच वर्षं केलेलं आहे.'

सावकाश वाचलं तर हे साधारण सव्वा मिनिटात होतं. सासूबाईंचं नाव नाही, आजाराचं नाव नाही, तरी काही लपवलेलं नाही. 'ती जबाबदारी संपली' असं लिहिलेलं नाही हेही पाहा, कारण सासूबाई अजून काठी घेऊन चालतात. 'व्यवस्था लागली आहे' हे खरं आहे. दुसरं वाक्य शब्दशः खरं असायला हवं. पुढे कधी अर्ध्या दिवसाची रजा मागायची वेळ आली तर आधी बोललेलं खोटं ठरू नये.

माफी मागितल्यासारखं नेमकं कोणत्या शब्दांनी वाटतं?

'सॉरी' कुणीच म्हणत नाही. माफी क्रियापदात असते.

'मला नोकरी सोडावी लागली' आणि 'मी नोकरी सोडली' यांत घटना एकच आहे. पहिल्यात तुमच्यावर काहीतरी ओढवलं, दुसऱ्यात तुम्ही निर्णय घेतला. गंमत म्हणजे बडोद्यात इंटरव्ह्यू ज्या भाषांत होतात त्या सगळ्यांत ही जोडी जशीच्या तशी आहे: हिंदीत 'छोड़नी पड़ी' आणि 'छोड़ी', गुजरातीत 'छोडवी पडी' आणि 'छोडी'. मनात मराठीत 'लागली' असेल तर तोंडातून 'पडी' बाहेर येणारच. म्हणून दुरुस्ती मूळ मराठी वाक्यात करा.

दुसरं म्हणजे 'च'. 'घरी होते' ही माहिती झाली, 'घरीच होते' ही कबुली झाली. गुजरातीत तोच 'च' 'घरे ज हती' असा 'ज' होऊन येतो. देखभाल करत असाल तर 'देखभाल केली' म्हणा, 'घरी होते' हे तसंही कामाचं नाव नव्हे.

तिसरं, गॅपच्या वाक्याआधी किंवा नंतर येणारा 'पण'. 'गॅप आहे, पण शिकायला तयार आहे' यातला 'पण' दोषाची भरपाई करतो. त्या जागी 'त्यानंतर' घालून पाहा, वाक्य आपोआप पुढच्या कामाकडे जातं. 'फक्त', 'जरा', 'छोटासा', 'तसं पाहिलं तर' हेही काढून टाका. आणि 'शिकायला तयार आहे' ऐवजी शिकून झालेल्या एका गोष्टीचं नाव घ्या.

माझं कारण वेगळं आहे. दुसऱ्या वाक्यात काय येईल?

प्रत्येक कारणामागे समोरच्याची एक ठरलेली शंका असते. दुसरं वाक्य त्या शंकेचं उत्तर असावं.

स्पर्धा परीक्षा असेल तर शंका अशी, की जाहिरात निघाली की हा पुन्हा अभ्यासाला बसेल. '2021 ते 2023 मी जीपीएससीची तयारी केली. ती आता थांबवली आहे.' थांबवली नसेल तर असं म्हणू नका, पण थांबवली असूनही न सांगणं हे जास्त वेळा नडतं. किती प्रयत्न झाले, किती गुणांनी हुकलं, हे विचारल्याशिवाय सांगायचं नाही.

स्वतःचं आजारपण असेल तर आजाराचं नाव सांगायची गरज नाही. 'तब्येतीच्या कारणाने मी दहा महिने काम थांबवलं. उपचार पूर्ण झाले आहेत आणि पूर्ण वेळ काम करायला डॉक्टरांची हरकत नाही.' कारखान्यात नोकरीच्या आधी मेडिकल तपासणी होते. शिफ्ट, उंचीवरचं काम किंवा रसायनांचा संपर्क यांवर तुम्हाला काही बंधन असेल तर ते ओळखीत नको, पण ऑफर स्वीकारण्याआधी जरूर सांगा.

कंपनीने माणसं कमी केली असतील तर तसंच म्हणा: 'आमची लाइन बंद झाली आणि त्या विभागातले सगळे मोकळे झाले.' जुन्या कंपनीबद्दलची तक्रार त्या वाक्याला चिकटू देऊ नका. धंदा केला असेल आणि तो चालला नसेल, तर लोकांना वाटतं की हा हुकूम ऐकायला तयार होणार नाही. 'दोन वर्षं पॅकिंग मटेरियलचा व्यवसाय केला, मार्च 2024 मध्ये बंद केला. आता मला खरेदी विभागात नोकरीच करायची आहे.' इथे 'च' हवाच.

क्षेत्र बदलतोय. 'आवड आहे म्हणून' हे कारण पुरेसं नाही का?

नाही. आवड तपासता येत नाही, त्यामुळे विभागप्रमुख ती ऐकून सोडून देतो. त्याला दोन कामांमधला सांधा दाखवा: जुन्या कामात तुमच्या हातून जे तयार होत होतं ते नव्या कामात कुठे वापरलं जातं?

सांधा असा शोधा. नव्या जागेची जाहिरात समोर ठेवा आणि त्यातलं प्रत्येक काम वेगळ्या ओळीवर लिहा. समोर, तसंच किंवा त्याला लागून असलेलं काम तुम्ही कधी केलं होतं का, ते लिहा. दहा ओळींपैकी दोन-तीन भरल्या तरी पुष्कळ. त्यातली सगळ्यात मजबूत ओळ ओळखीत वापरा, बाकीच्या नंतरच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा.

आपल्या उदाहरणात सांधा फार सरळ आहे. औषधाच्या मंजुरीचा अर्ज, म्हणजे डोसियर, सीटीडी नावाच्या ठरलेल्या साच्यात असतो, आणि त्याचा मॉड्यूल 3 गुणवत्तेचा असतो. तयार औषधाच्या तपासण्या 3.2.P.5 मध्ये आणि स्टॅबिलिटी 3.2.P.8 मध्ये येते. 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमधून ठरलेल्या महिन्याला नमुना काढून तपासायचा, हे काम तिने दोन वर्षं केलं. ते आकडे P.8.3 च्या तक्त्यात बसतात. तक्त्यात एखादा आकडा विचित्र दिसला तर तो मोजणीतला दोष असू शकतो की औषधच खराब होत आहे, हे लॅबमध्ये राहिलेल्या माणसाला लवकर सुचतं. ओळखीत यातलं एकच वाक्य येतं, पण मागे एवढं असल्यामुळे ते ठामपणे म्हणता येतं.

इथली हमखास चूक म्हणजे कोर्सवर केलेलं काम नोकरीत केल्यासारखं सांगणं. 'डोसियर तयार केले आहेत' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: कोणत्या देशासाठी, आणि तिथून कोणत्या शंका परत आल्या? कोर्समधल्या नमुना डोसियरला कुणी शंका पाठवत नाही, आणि तिथे सगळंच ढासळतं. 'कोर्समध्ये नमुना उत्पादनासाठी लिहिले' हे शब्द लहान वाटतात, पण त्यांच्यावर उभं राहता येतं. मग 'P.5.4 मध्ये काय येतं?' असं विचारलं तर 'बॅच अ‍ॅनालिसिस' हे उत्तर तयार असतं.

जुनं क्षेत्र का सोडलं, हे ओळखीत नको. लॅबमध्ये कंटाळा आला, रासायनिक वास सहन होत नाही, शिफ्ट नको, ही कारणं खरी असली तरी ऐकणाऱ्याला तुम्ही पळ काढत आहात असं वाटतं.

'इतकी वर्षं बाहेर होता, आता सगळं बदललंय,' असं म्हटलं तर?

हे ऐकून वाईट वाटतं, पण प्रश्न रास्त आहे आणि त्याला पक्कं उत्तर देता येतं. तुमच्या क्षेत्रात तुमच्या गॅपच्या काळात झालेले दोन बदल शोधा आणि त्यांचा रोजच्या कामावर काय परिणाम झाला ते समजून घ्या.

औषध उद्योगाच्या बाबतीत, ऑक्टोबर 2021 ते ऑगस्ट 2024 या काळात दोन मोठ्या गोष्टी घडल्या. विश्लेषण पद्धतींच्या पडताळणीचं आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मार्गदर्शक Q2(R2) आणि त्याच्या जोडीचं Q14 नोव्हेंबर 2023 मध्ये मंजूर झालं. आणि भारतात औषध कारखान्यांसाठीच्या नियमांचं, म्हणजे शेड्यूल एमचं सुधारित रूप डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालं. उमेदवाराने एवढंच म्हणावं: 'मी लॅब सोडली तेव्हा पडताळणी जुन्या Q2 प्रमाणे चालायची. नवीन Q2(R2) मी वाचलं आहे, आणि जुन्या पद्धतीपेक्षा कुठे फरक पडतो ते सांगू शकेन.' मात्र ते खरोखर वाचलेलं असावं, कारण 'सांगा बरं' असं लगेच येतं. इतर क्षेत्रांतही असं काही ना काही मिळतंच: हिशेबात जीएसटीचे बदल, डिझाइनमध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. हे उत्तर ओळखीत घालू नका, प्रश्न आल्यावर वापरा.

'घरी लहान मुलं आहेत ना, कसं जमणार?'

हा प्रश्न बायकांनाच विचारला जातो आणि तो विचारायला नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. पण समोर आलाच तर घरची रचना समजावून सांगू नका. वेळेच्या भाषेत उत्तर द्या: 'जनरल शिफ्ट आणि कंपनीच्या बसची वेळ मला सोयीची आहे.' नंदेसरी, सावली, हालोल या बाजूच्या कंपन्यांत जाण्यायेण्याचा वेळ धरला तर नऊ तासांच्या कामाला अकरा-बारा तास जातात. हा हिशेब घरी आधीच करून ठेवा. सकाळची बस किती वाजता लागते आणि संध्याकाळी किती वाजता सोडते, हे तुम्हीच विचारलंत तर तुमची तयारी त्या प्रश्नातूनच दिसते.

कोणत्या भाषेत तयारी करायची?

आधी मराठीत लिहा, कारण गॅपबद्दलची आपली खरी भावना आपल्या भाषेतच पकडीत येते. मग इंग्रजीत आणि हिंदीत करा. कारखान्याच्या एचआरमध्ये गुजराती सर्रास चालते, तेव्हा गॅपची दोन वाक्यं तरी गुजरातीत पाठ असू द्या. अडखळायला होतं ते याच दोन वाक्यांत. इंग्रजीत बोलताना तारखा आणि क्रियापदांचा काळ नीट ठेवा. देखभाल संपलेली असताना वर्तमानकाळ वापरला, तर ती अजून चालू आहे असाच अर्थ निघतो.

तारखा थोड्या ताणल्या तर चालतं का?

नाही, आणि सापडण्याची वाट अगदी सरळ आहे. निवड झाल्यावर कंपनी रिलीव्हिंग लेटर मागते, आणि पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएनवर प्रत्येक नोकरीच्या रुजू होण्याच्या आणि सोडण्याच्या तारखा नोंदलेल्या असतात. सप्टेंबर 2021 ला सोडून डिसेंबर म्हणालात तर तीन महिन्यांसाठी सगळ्या बोलण्यावरचा विश्वास जातो. नुसतं '2016–2021' लिहूनही उपयोग नाही, कंपनीच्या फॉर्ममध्ये महिने विचारतातच.

इंटरव्ह्यूच्या आधी एकदा यूएएनच्या पोर्टलवर सर्व्हिस हिस्टरी पाहून घ्या. काही वेळा जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकलेलीच नसते, आणि तुम्ही अजून तिथेच आहात असं दिसतं. आधार जोडलेलं असेल तर Manage मधल्या Mark Exit मधून ती तारीख स्वतः टाकता येते, मात्र नोकरी सोडून दोन महिने झालेले असावे लागतात. रिलीव्हिंग लेटरवरचीच तारीख टाका. नंतर ती बदलणं कटकटीचं आहे.

गॅप जिथे खरोखर तुटतो तिथे तो जरूर तोडा. आपल्या उमेदवाराचा सलग गॅप साडेतीन वर्षांच्या पुढे दिसतो. पण देखभाल ऑगस्ट 2024 ला थांबली आणि सप्टेंबरपासून कोर्स झाला. हे वेगवेगळं सांगणं म्हणजे लपवणं नाही, तसं घडलंच होतं.

गॅपमध्ये शिकवण्या घेतल्या, कुणाचे हिशेब लिहून दिले. सांगू का?

नव्या कामाशी संबंध असेल तर आकड्यासह सांगा: 'दोन वर्षं बारावीच्या आठ मुलांना केमिस्ट्री शिकवली.' संबंध नसेल तर सोडून द्या. 'फ्रीलान्सिंग' असा मोठा शब्द वापरून आत एकच काम निघालं तर नुकसान होतं.

सराव कसा करायचा?

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि ऐकताना फक्त गॅपच्या जागेकडे लक्ष द्या. बहुतेकांचा वेग तिथे वाढतो, आवाज खाली जातो, किंवा वाक्य संपल्यावर 'म्हणजे...' येऊन शेपूट लागतं. वाढलेला वेग लाज सांगतो, शेपूट अतिस्पष्टीकरण सांगतं. शेपटावर एकच उपाय चालतो: दुसरं वाक्य संपलं की तोंड मिटून एक श्वास घ्यायचा आणि मग पुढचं वाक्य. ही शांतता तुम्हाला फार लांब वाटेल, ऐकणाऱ्याला ती जाणवतही नाही.

ओळख तोंडपाठ करू नका, फक्त गॅपची दोन वाक्यं पाठ करा. बाकीचं मुद्द्यांवरून बोला. सगळंच पाठ असलं तर मध्ये कुणी काही विचारल्यावर धागा सापडत नाही. पाच-सहा वेळा रेकॉर्ड केल्यावर घरातल्या कुणाला ऐकवा, आणि शक्यतो ज्यांच्यासाठी तुम्ही नोकरी सोडली त्यांना नको. त्यांच्यासमोर वाक्यं आपोआप मऊ होतात.

बोलता बोलता जास्त सांगून झालं. आता?

वाक्य अर्धं असलं तरी तिथेच थांबा. 'असो' म्हणून पुन्हा खुलासा करू नका. थेट पुढच्या वाक्यावर या: 'सप्टेंबर 2024 पासून मी रेग्युलेटरीचा कोर्स केला...' घरातलं तपशिलात बाहेर आलं असेल आणि समोरच्याने त्यावर सहानुभूती दाखवली, तर 'थँक यू, आता सगळं ठीक आहे' एवढं म्हणा आणि त्याच दमात कामाचं पुढचं वाक्य सुरू करा. त्या विषयावर पुढे बोलायला जागा ठेवलीत, तर चांगल्या मनाचा माणूसही आपुलकीने आणखी दोन प्रश्न विचारतो, आणि विभागप्रमुखाच्या हातात तुमच्या स्टॅबिलिटीच्या कामासाठी पाचच मिनिटं उरतात.